पनीरसाठी दूध साकळणे

पनीर तयार करताना तापवलेल्या दुधात आम्ल मिसळून त्यातील घन भाग वेगळा केला जातो. या क्रियेस दूध साकळणे म्हणतात. वेगळ्या झालेल्या घन भागाला साका आणि उरलेल्या पाण्याला निवळी असे म्हणतात.

पद्धत

म्हशीचे १ लिटर दूध सुमारे ९०° सेल्सिअसपर्यंत तापवून ७०° सेल्सिअसपर्यंत निवू दिले जाते. अधिक तापमानाला निवळीतील प्रथिने केसीन या मुख्य प्रथिनाला चिकटतात व साक्यात राहतात. त्यामुळे पनीर अधिक मिळते. नंतर २ ग्रॅम सायट्रिक आम्ल २०० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवून, दूध हलके ढवळत थोडे थोडे ओतले जाते. निवळी स्वच्छ व हिरवट-पिवळी दिसताच आम्ल घालणे थांबवतात. ती दुधाळ राहिल्यास आम्ल अपुरे पडले असे समजावे. जास्त आम्लाने पनीर आंबट होते.

पनीर रबरासारखे होण्याचे कारण

आम्लामुळे केसीनच्या कणांवरील विद्युतभार कमी होतो आणि ते एकत्र येऊन जाळे बनते. या जाळ्यात अडकलेल्या पाण्यामुळे पनीर मऊ राहते. उकळत्या दुधात आम्ल घातल्यास किंवा दूध साकळल्यानंतरही आच चालू ठेवल्यास जाळे आकसते, पाणी बाहेर पडते आणि पनीर चिवट होते. याउलट, तापमान फार कमी असल्यास साक्यात पाणी अधिक राहून पनीर ठिसूळ होते व कापताना तुटते.