स्पोकच्या रिमला टेप लावून टायर ट्यूबलेस करता येतो, पण हवा नेमकी कुठून जाते?

छत्रपती संभाजीनगरहून धुळ्याकडे जाताना कन्नडचा घाट लागतो. तिथे स्पोकवाल्या बाईकचं मागचं चाक पंक्चर झालं तर काय होतं? चाक खोलायचं, टायर काढायचा, ट्यूब बाहेर ओढायची, पॅच मारायचा आणि सगळं पुन्हा बसवायचं. अलॉय व्हीलवाला मात्र टायर न काढता पंक्चरची दोरी ठोकतो, हवा भरतो आणि पुढे निघतो.

म्हणूनच हिमालयन, क्लासिकसारख्या गाड्या चालवणारे अनेक जण स्पोकची रिम टेप लावून ट्यूबलेस करून घेतात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आलेली हिमालयन ४५० सुद्धा सुरुवातीला ट्यूबच्या टायरवरच होती. स्पोक असलेली ट्यूबलेस चाकं कंपनीने नंतर दिली. जुन्या गाडीवाल्यांसमोर मात्र टेपचाच पर्याय असतो. हा जुगाड चालतो, पण कुठे फसतो ते आधी माहीत असायला हवं.

मुळात अडचण काय आहे?

बहुतेक स्पोक चाकांना ३६ च्या आसपास स्पोक असतात. प्रत्येक स्पोक रिमच्या मधल्या खोलगट भागात निप्पलने आवळलेला असतो. म्हणजे रिमला तेवढीच भोकं. ट्यूब असते तेव्हा हवा ट्यूबमध्ये राहते, त्यामुळे भोकांनी फरक पडत नाही. ट्यूब काढली की हवा थेट रिमला लागते आणि निप्पलच्या फटींतून निघून जाते.

कंपनीच्या ट्यूबलेस स्पोक चाकांत ही अडचण मुळापासून टाळलेली असते. तिथे स्पोक रिमच्या कडेला अडकवतात, त्यामुळे हवेच्या जागेत एकही भोक येत नाही. टेपवाल्या चाकात भोकं तिथेच राहतात, आपण फक्त त्यांच्यावर झाकण घालतो.

आधी रिमवर काय पाहायचं?

टायरच्या बाजूला ट्यूबलेस असं छापलेलं हवं. त्यानंतर रिमवरचा शिक्का पाहायचा. साइजच्या आकड्यांसोबत ‘एमटी’ ही अक्षरं असतील तर रिमच्या आत एक बारीक उंचवटा असतो, आणि हवा कमी झाली तरी तो टायरची कड जागेवर धरून ठेवतो. ‘डब्ल्यूएम’ असेल तर हा उंचवटा नसतो. अशा रिमवर हवा उतरली आणि गाडी वळणात असली, तर टायरची कड रिमवरून सुटू शकते आणि सगळी हवा क्षणात जाते. पुढच्या चाकाचं असं झालं तर गाडी सावरणं जवळपास अशक्य असतं. म्हणून ‘डब्ल्यूएम’ रिमला, खास करून पुढच्या चाकाला, ट्यूबच ठेवलेली बरी.

टेप कशी लावतात?

सगळ्यात आधी चाकाचा आऊट काढून सगळे स्पोक नीट आवळून घ्यायचे. टेप लावल्यावर निप्पल फिरवला तर टेप खालून सुटते. निप्पलच्या वर आलेलं स्पोकचं टोक घासून सपाट करायचं, नाहीतर ते आतून टेपला भोक पाडतं.

मग खरी मेहनत सफाईची. जुना रबर, गंज, ग्रीस काढून रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. त्यानंतर त्या जागेला बोटही लावायचं नाही, कारण हाताच्या तेलानेही चिकटपणा कमी होतो.

या कामासाठी थ्री-एमची ४४११एन ही सुमारे १ मिलिमीटर जाडीची सीलिंग टेप बरेच जण वापरतात. १७ इंची मागच्या रिमच्या खोलगट भागाचा घेर साधारण १.३ मीटर भरतो. दोरीने मोजून घ्यायचं आणि ५ ते ७ सेंटिमीटर जास्त टेप कापायची, म्हणजे टोकं एकमेकांवर येतात. टेप ताणायची नाही. ताणलेली टेप आकसते आणि कडेने उचलते. ती मधून कडेकडे रोलरने दाबत जायची, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. अशा गोंदाला पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात. घाई असली तरी किमान एक दिवस टायर चढवायचा नाही.

शेवटी ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बसवायचा आणि टायर चढवताना कडेला साबणाचं पाणी लावायचं. इथे लोखंडी लिव्हर आत घसरला तर टेप कापली जाते. कामात सगळ्यात जास्त नुकसान याच क्षणी होतं.

मग सीलंट कशाला?

अनेकांचा समज असतो की टेपमध्ये थोडी कसर राहिली तरी सीलंट भरून काढेल. तसं होत नाही. चाक फिरताना सीलंट बाहेरच्या दिशेला फेकला जातो आणि टायरच्या रस्त्याला लागणाऱ्या भागावर पसरतो. निप्पल मात्र आतल्या बाजूला, चाकाच्या मध्याकडे असतात. गाडी उभी असतानाही सीलंट खाली टायरमध्येच साचतो.

म्हणजे दोघांची कामं वेगळी आहेत. खिळा टायरमध्ये घुसला तर सीलंट उपयोगी, निप्पलमधून हवा गेली तर फक्त टेप. टेप न लावता नुसता सीलंट ओतणं म्हणजे पैसे वाया. शिवाय सीलंटने ओली झालेली रिम पुन्हा टेप लावण्याआधी साफ करायला दुप्पट वेळ लागतो. त्यामुळे आधी काही दिवस सीलंटशिवाय हवा टिकते का ते बघावं आणि मगच तो भरावा.

लीक आहे हे कसं कळणार?

समजा मागच्या टायरला ३२ पीएसआय हवा लागते. पहिल्या दिवशी सकाळी गार टायरमध्ये ३२ भरली. वेळ इथे महत्त्वाची, कारण तापमान १० अंशांनी बदललं की दाब सुमारे दीड पीएसआयने बदलतो. मे महिन्यात सकाळी २५ अंश आणि दुपारी ४० अंश असेल, तर लीक नसतानाही दोनाहून जास्त पीएसआयचा फरक दिसतो. म्हणून रोज सकाळी एकाच वेळी, त्याच गेजने मोजायचं.

सात दिवसांनी ३१ दिसलं तर काम ठीक आहे. २५ दिसलं तर रोज एक पीएसआय जातोय, म्हणजे कुठेतरी गळती आहे.

अशा वेळी निप्पल, व्हॉल्व्ह आणि टायरची कड यांच्यावर साबणाचं पाणी मारायचं. व्हॉल्व्हपाशी किंवा कडेला बुडबुडे आले तर इलाज सोपा असतो. निप्पलपाशी आले तर मात्र फसगत होते. टेप एका जागी सुटली की हवा टेपखालून सरकत जाते आणि सगळ्यात सैल निप्पलमधून बाहेर पडते. बुडबुडा तिथे दिसतो, दोष दुसरीकडेच असतो. त्या निप्पलवर बाहेरून गोंद लावला तर काही दिवसांनी शेजारच्या निप्पलमधून हवा जाऊ लागते. टायर काढून टेप नव्याने लावणं हाच खरा उपाय.

कुठे थांबायचं?

खड्ड्यात रिमला डेंट आला किंवा स्पोक सैल झाला, तर टेप टिकली असं गृहीत धरू नये. तपासेपर्यंत लांबचा प्रवास टाळावा. आणि अजिंठ्याकडे निघताना बॅगेत एक ट्यूब ठेवावी. टेप अर्ध्या वाटेत सुटली तर ट्यूबलेस व्हॉल्व्ह काढायचा आणि त्याच रिममध्ये ट्यूब टाकून घरी परतता येतं.