फोटोखालची तारीख: जुनं छायाचित्र बातमीला लावण्याआधी

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास एक फोटो आमच्याकडे तीन वेगवेगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून आला. खाली लिहिलं होतं, ‘१४ ऑक्टोबर १९५६, नागपूर’. फोटोत अलोट गर्दी होती आणि गर्दीच्या मागे दीक्षाभूमीचा पांढरा घुमट. तो घुमट १९५६ मध्ये नव्हता. स्तूपाचं काम १९७८ मध्ये सुरू झालं आणि १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. म्हणजे फोटो निदान दोन दशकं नंतरचा, आणि आपण तो दीक्षेच्या दिवसाचा पुरावा म्हणून एकमेकांना पाठवत होतो.

अशा वेळी पहिला प्रश्न ‘कुणी पाठवला?’ हा नसतो. फोटोत काय दिसतंय, हे आधी पाहायचं. इमारत, गाडी, कापडी फलक, सोबतची माणसं यांना स्वतःच्या तारखा असतात. दादरला ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. चैत्यभूमीचं उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ चं आहे. त्यामुळे अंत्ययात्रेच्या म्हणून सांगितलेल्या फोटोत चैत्य दिसला, तर मथळा चुकलाय. बाबासाहेबांसोबत माईसाहेब असतील, तर सहसा फोटो १५ एप्रिल १९४८ च्या लग्नानंतरचा. रमाई असतील, तर २७ मे १९३५ च्या आधीचा.

गोलमेज परिषदेचं उदाहरण याहून बोधक आहे, कारण तिथे चूक आमचीच झाली होती. बाबासाहेब आणि गांधीजी एकाच सभागृहात दिसतात असा फोटो आम्ही ‘पहिली गोलमेज परिषद, १९३०’ असं लिहून लावला. एका वाचकाने कळवलं की पहिल्या परिषदेवर काँग्रेसने बहिष्कार टाकला होता. ती १२ नोव्हेंबर १९३० ते १९ जानेवारी १९३१ अशी झाली. गांधीजी फक्त दुसऱ्या परिषदेला गेले, ती ७ सप्टेंबर ते १ डिसेंबर १९३१. तिसरी १९३२ च्या अखेरीस झाली तेव्हा ते तुरुंगात होते. बाबासाहेब तिन्ही परिषदांना होते, म्हणून त्यांच्या असण्यावरून वर्ष ठरत नाही; गांधीजींच्या असण्यावरून ठरतं. दिवस मात्र ठरत नाही. म्हणून आता ओळ अशी आहे: ‘दुसरी गोलमेज परिषद, लंडन, सप्टेंबर-डिसेंबर १९३१. छायाचित्रकार अज्ञात.’ नेमका दिवस माहीत नसताना तो घालायचा मोह होतो, पण जेवढं सिद्ध होतं तेवढंच लिहावं.

गुगल लेन्स किंवा TinEye वर फोटो टाकून तो आधी कुठे आलाय हे शोधता येतं. TinEye मध्ये सर्वात जुनी नोंद वर आणता येते. पण ती तारीख फोटो नेटवर पहिल्यांदा सापडल्याची असते, काढल्याची नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत कॅमेऱ्याने नोंदवलेली वेळ उरत नाही, त्यामुळे शक्य तिथे मूळ फाईल मागावी.

आता आंबिवलीची गोष्ट. मोहने इथल्या एनआरसी कारखान्यात नोकरी केलेल्या एका ज्येष्ठांच्या घरचा जुना अल्बम आम्ही पाहिला. जयंतीच्या मिरवणुकीचा एक कृष्णधवल फोटो होता. काका म्हणाले, ‘हा ब्याऐंशीचा.’ पण एका कोपऱ्यात रिक्षा उभी होती आणि तिच्या पाटीवर MH 05 वाचता येत होतं. ही मालिका १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतरची, तो कायदा जुलै १९८९ पासून लागू झाला. मागच्या कापडी फलकावर ‘जन्मशताब्दी’ एवढा शब्द शिल्लक होता. शताब्दी वर्ष १९९०-९१. काकांची आठवण खोटी नव्हती, दोन मिरवणुका एकमेकींत मिसळल्या होत्या. आम्ही ‘बहुधा १९९०-९१, आंबिवली’ असं लिहिलं आणि ‘बहुधा’ हा शब्द मुद्दाम ठेवला.

पुढे परवानगीचा प्रश्न आला. फोटोची प्रत ज्याच्या घरी आहे, त्याचाच हक्क असतो असं नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. फोटो जयंती मंडळाने स्टुडिओवाल्याला पैसे देऊन काढून घेतला असेल, तर हक्क मंडळाचा. एखाद्या कार्यकर्त्याने हौसेने, फुकट काढला असेल, तर त्या कार्यकर्त्याचा. आमच्या फोटोमागे स्टुडिओचा शिक्का होता, म्हणून आम्ही मंडळाच्या जुन्या पदाधिकाऱ्यांना विचारलं. परवानगी व्हॉट्सअ‍ॅप संदेशातच घेतली, पण नेमकी: कोणता फोटो, कोणत्या लेखासाठी, सोशल मीडियावरही चालेल का, श्रेय कुणाच्या नावाने. ‘वापरा की’ एवढ्या होकारावर आम्ही थांबत नाही. काकांचं नाव आम्ही ‘संग्रहातून’ म्हणून दिलं. छायाचित्रकार आणि संग्राहक या दोन वेगळ्या ओळी असतात, एकाला दुसऱ्याचं श्रेय देऊ नये.

किती जुना फोटो मोकळा होतो? २०१२ च्या दुरुस्तीआधी भारतात प्रसिद्ध फोटोवर प्रसिद्धीनंतर साठ वर्षं हक्क असायचा. दुरुस्तीनंतर छायाचित्रकाराचं आयुष्य आणि पुढे साठ वर्षं. त्यामुळे १९५१ पर्यंत भारतात छापून आलेल्या फोटोंची मुदत दुरुस्तीआधीच संपली. १९५६ च्या दीक्षेच्या फोटोंबाबत जुना कायदा लागू धरायचा की नवा, यावर हिशेब बदलतो. विकिमीडिया कॉमन्स १९५८ पूर्वीच्या भारतीय फोटोंना काढल्यापासून पन्नास वर्षं धरतं आणि मोकळे मानतं. आम्ही तेच धरतो, पण मूळ छापील स्रोत शोधून त्याचं नाव देतो. आणखी एक सावधगिरी: कॉमन्सवर १९३० च्या दशकातल्या फोटोखाली एखाद्या सदस्याने Own work असं लिहिलेलं आढळतं. नव्वद वर्षांपूर्वीचा फोटो त्याने काढलेला असणं शक्य नाही. तिथला परवाना मानू नये, दुसरा स्रोत शोधावा. आधुनिक फोटोवर CC BY-SA 4.0 असेल, तर छायाचित्रकाराचं नाव, परवान्याचं नाव आणि दुवा तिन्ही द्यावे लागतात, आणि फोटो कापला असेल तर तेही सांगावं लागतं.

मराठी वृत्तपत्रांत ‘संग्रहित छायाचित्र’ ही ओळ सर्रास दिसते. ती आम्हाला अपुरी वाटते. महापरिनिर्वाण दिनाच्या बातमीला मागच्या वर्षीची गर्दी लावली आणि ‘संग्रहित’ लिहिलं, तरी वाचक ती यंदाचीच समजतो. ‘संग्रहित, ६ डिसेंबर २०१९’ असं लिहिलं की गैरसमज उरत नाही. वर्ष माहीत नसेल तर तो फोटो ताज्या बातमीला लावूच नये.

स्टॉक फोटोंची गंमत वेगळी. ‘बौद्ध भिक्खू’ म्हणून शोधलं की गडद लाल चीवरातले तिबेटी परंपरेचे भिक्खू किंवा थायलंडमधली देवळं सर्वात आधी येतात. आपल्या वस्तीतल्या विहाराच्या बातमीला तो फोटो लागला, तर बातमी खरी आणि चित्र परकं असं होतं. लावायचाच असेल तर ‘प्रातिनिधिक छायाचित्र, थायलंड’ असं लिहावं. पण अत्याचाराच्या बातमीला एखाद्या अनोळखी मुलीचा स्टॉक फोटो ‘प्रातिनिधिक’ म्हणूनही आम्ही लावत नाही. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहेच. पण असा फोटो लावला तर त्या अनोळखी मुलीलाच लोक पीडिता समजून बसतात.

चूक झाली की फोटो गुपचूप बदलून टाकणं सोपं असतं. गोलमेज परिषदेच्या वेळी आम्ही जुनी ओळ खोडून नवी लिहिली आणि लेखाखाली दुरुस्तीची तारीख टाकून आधी काय लिहिलं होतं तेही ठेवलं. ज्यांनी ती चुकीची ओळ स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवली होती, त्यांना निदान ती कुठे दुरुस्त झाली हे सापडतं.