खराडीतला फुगा आणि लाप्लासचा नियम

आजचा भाग सुरू झाला आमच्या खराडीतल्या डायनिंग टेबलवर. बाबांना हार्ट अटॅक येऊन आठ महिने झाले होते. एक दिवस लक्षात आलं, की त्यांनी बीपीची गोळी परस्पर बंद केलीय. विचारलं तर म्हणाले, "अरे, बीपी एकशेवीस येतंय. मग गोळी कशाला?"

प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर शोधता शोधता मी थेट १८०६ सालात पोचलो.

फ्रान्समध्ये पिएर-सिमॉन लाप्लास हा गणिती ग्रहताऱ्यांवर मोठा ग्रंथ लिहीत होता. त्याच्या एका पुरवणीत त्याने बारीक नळीत पाणी वर का चढतं याचं गणित मांडलं. इंग्लंडमध्ये थॉमस यंग वर्षभर आधी तिथेच पोचला होता. हृदयाचा विचार दोघांच्याही डोक्यात नव्हता.

नियम समजायला लांबुळका फुगा घ्या आणि अर्धाच फुगवा. आत हवेचा दाब सगळीकडे सारखाच. तरी पोट ताठ लागतं आणि शेपटी मऊ. कारण दाब तोच असला, तरी घेर जितका मोठा तितका भिंतीवरचा ताण जास्त. भिंत जाड असेल तर तो ताण जास्त मांसात वाटला जातो. थोडक्यात: ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट.

१८९२ मध्ये डब्लिनच्या रॉबर्ट वुड्स या डॉक्टरने हे हृदयाला लावून पाहिलं. हृदयाची भिंत जिथे जास्त वळलेली, म्हणजे त्रिज्या लहान, तिथे ती पातळ असते आणि जिथे सपाट तिथे जाड, असं त्याने दाखवलं.

आता बाबांचे दोन इको रिपोर्ट. पहिल्या आठवड्यात डाव्या कप्प्याचा व्यास ५ सेंटीमीटर, भिंत १ सेंटीमीटर. म्हणजे १२० गुणिले २.५ भागिले २, बरोबर १५०. आठ महिन्यांनी व्यास ६, भिंत ०.८. म्हणजे १२० गुणिले ३ भागिले १.६, बरोबर २२५. बीपी तेच, पण भिंतीवरचा ताण दीडपट! हृदय काही गोल फुगा नाही, त्यामुळे हे आकडे ढोबळच. पण दिशा खरी आहे.

असं का होतं? अटॅकनंतर मेलेला भाग पहिल्या दिवसांत पातळ होऊन ताणला जातो. मग उरलेल्या जिवंत पेशी हळूहळू लांब होत जातात. सुरुवातीला याचा फायदाच होतो. १२० मिलीच्या कप्प्यातून ७० मिली रक्त ढकलायला निम्म्याहून जास्त रिकामं व्हावं लागतं, २०० मिलीच्या कप्प्यातून जेमतेम एक तृतीयांश. पण कप्पा मोठा झाला की ताण वाढतो, ताणाने तो आणखी पसरतो, आणि चक्र चालू राहतं. महिनोन्‌महिने, आवाज न करता.

१९८० च्या दशकात बॉस्टनमध्ये मार्क आणि जॅनिस फेफर यांनी अटॅक आलेल्या उंदरांना कॅप्टोप्रिल दिलं. त्यांचा कप्पा कमी पसरला. मग 'सेव्ह' नावाची चाचणी झाली, २,२३१ माणसांवर. १९९२ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत मृत्यू १९ टक्क्यांनी कमी.

ब्राझीलच्या रांदास बातिस्ता या सर्जनने वेगळाच विचार केला. घेर मोठा हाच प्रॉब्लेम ना, मग भिंतीचा तुकडाच कापून टाकू! १९९० च्या दशकात या ऑपरेशनची जगभर चर्चा झाली. गणित अचूक होतं, पण कापलेल्या तुकड्यात काम करणारा स्नायूही जायचा, आणि लहान झालेला कप्पा नीट भरायचा नाही. बऱ्याच रुग्णांचं हृदय पुन्हा ढासळलं आणि ऑपरेशन मागे पडलं. पुढे २००९ मध्ये १,००० रुग्णांच्या 'स्टिच' चाचणीत बायपासबरोबर कप्पा लहान करून पाहिला. कप्पा १९ टक्के लहान झाला, नुसत्या बायपासने ६ टक्के. तरी मृत्यू आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या दोन्ही गटांत सारख्याच.

म्हणजे नुसता आकार बदलून भागत नाही. पेशींना पसरायला लावणारे ताण आणि हार्मोन्स रोज थोडे थोडे कमी करावे लागतात. बाबांची गोळी कॅप्टोप्रिलच्याच घराण्यातली. ती बीपीचा आकडा सुधारण्यासाठी नव्हतीच, भिंत धरून ठेवण्यासाठी होती.

मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले आणि फुगा फुगवून दाखवला. बाबांनी फुग्याचं पोट दाबलं, शेपटी दाबली. म्हणाले, "हे आधीच कोणी सांगितलं असतं तर?" दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं खरं खरं सांगून त्यांच्या सल्ल्याने गोळी पुन्हा सुरू झाली. पुढचा इको तीन महिन्यांनी आहे. आकडे काय येतात ते बघू.

तुमच्या घरीही कोणी "बीपी नॉर्मल आहे" म्हणून गोळी सोडली असेल, तर हा भाग त्यांना ऐकवा, आणि डॉक्टरांना विचारा, ही गोळी नक्की कशासाठी आहे. भेटूया पुढच्या भागात!