घारापुरीत आधी कुठून शिरायचं?

घारापुरीच्या मुख्य लेण्यात आज आपण उत्तरेकडून शिरतो. समोर दक्षिण भिंतीवर सदाशिवाचं त्रिमुखी शिल्प दिसतं आणि तेच केंद्र आहे, असं आपण नकळत धरून चालतो. आता आराखडा घ्या आणि पूर्वेच्या चौकातून आत या. खांबांच्या रांगांमधून नजर सरळ पश्चिमेकडच्या लिंगाच्या गाभाऱ्यावर जाते. सदाशिव डाव्या हाताला राहतो. गाभाऱ्याला चारही बाजूंनी दारं, प्रत्येक दाराशी द्वारपाल आणि भोवती प्रदक्षिणेला मोकळी जागा. म्हणजे इथे दोन अक्ष आहेत. भाविक मुळात कुठून येत, हे एकट्या आराखड्यावरून ठरत नाही. पण टिपण लिहिताना आपण कुठल्या दारातून आत आलो, हे आधी नोंदवा. नाहीतर आजची पर्यटकांची वाट सहाव्या शतकाच्या माथी मारली जाते.