रक्तगणना अहवाल

रक्तगणना अहवाल म्हणजे रक्तातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व रक्तबिंबिका यांची संख्या आणि त्यांचे गुणधर्म दर्शविणारा प्रयोगशाळेचा कागद होय. बोलण्यात त्याला ‘सीबीसी’ म्हणतात. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावी रक्त सरकारी रुग्णालयात दिलेले असो वा खाजगी प्रयोगशाळेत, हा कागद बहुधा इंग्रजीत मिळतो. रुग्ण व डॉक्टर यांच्यातील संभाषण मात्र मराठीत होते, आणि ते पुष्कळदा ‘अंगात रक्त कमी आहे’ या एका वाक्यावर संपते. रक्त किती कमी आहे आणि कशामुळे, याचे बरेचसे उत्तर त्याच कागदावर हिमोग्लोबिनच्या खालच्या चार-पाच ओळींत असते. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्या ओळींचा अर्थ दिला आहे.

कागदाची रचना

अहवालात साधारणपणे चार स्तंभ असतात: तपासणीचे नाव, रुग्णाचे मूल्य, एकक आणि संदर्भमूल्ये. मूल्य संदर्भमर्यादेच्या वर असेल तर शेजारी ‘एच’ आणि खाली असेल तर ‘एल’ हे इंग्रजी अक्षर छापले जाते, किंवा आकडा ठळक केला जातो.

संदर्भमूल्ये ठरविताना निरोगी व्यक्तींच्या एका गटाची तपासणी करतात आणि मधल्या ९५ टक्के व्यक्तींची मूल्ये जेथे पडतात ती मर्यादा घेतात. म्हणजे दर शंभर निरोगी व्यक्तींपैकी पाच जण व्याख्येनेच मर्यादेबाहेर राहतात. एका कागदावर वीस स्वतंत्र तपासण्या असतील, तर पूर्ण निरोगी माणसाचीही एखादी ओळ ठळक छापली जाण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. काठावरचा एखादा ‘एच’ पाहून घाबरण्याचे कारण नसते ते यामुळेच. याउलट मर्यादेत बसणारे मूल्यही त्या व्यक्तीसाठी बदललेले असू शकते. म्हणून जुना अहवाल सोबत नेणे उपयोगी पडते.

मर्यादा वय, लिंग व गर्भावस्था यांनुसार बदलतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढ पुरुषात १३, गर्भवती नसलेल्या स्त्रीत १२ आणि गर्भवतीत ११, मात्र दुसऱ्या तिमाहीत १०.५, ग्रॅमपेक्षा हिमोग्लोबिन कमी असल्यास रक्तक्षय मानतात. गर्भावस्थेत रक्तातील द्रवभाग पेशींपेक्षा अधिक वाढतो व रक्त काहीसे पातळ होते, म्हणून तेथील मर्यादा खालची आहे. काही प्रयोगशाळा सर्वांच्या कागदावर एकच मर्यादा छापतात. अशा वेळी गर्भवतीच्या ११.३ या मूल्यापुढे ‘एल’ येतो, पण तो रक्तक्षय नसतो.

तांबड्या पेशींच्या ओळी

हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींतील प्राणवायू वाहणारे प्रथिन असून ते १०० मिलिलिटर रक्तात किती ग्रॅम आहे ते लिहितात. त्याखाली तांबड्या पेशींची संख्या (आरबीसी) दशलक्षांत, आणि एकूण रक्ताचा किती टक्के भाग या पेशींनी व्यापला आहे (पीसीव्ही) ते दिलेले असते. यांच्या परस्परसंबंधातून पुढील तीन मूल्ये मिळतात:

```
MCV  = PCV ÷ RBC × 10
MCH  = Hb ÷ RBC × 10
MCHC = Hb ÷ PCV × 100
```

पहिले मूल्य, एमसीव्ही, एका पेशीचे सरासरी आकारमान सांगते. प्रौढांत ते सुमारे ८० ते १०० फेम्टोलिटर असते. दुसरे एका पेशीतील हिमोग्लोबिनचे सरासरी वजन, तर तिसरे पेशीत हिमोग्लोबिन किती दाट भरले आहे ते दाखवते. याखेरीज आरडीडब्ल्यू हा आकडा पेशी आकाराने सारख्या आहेत की लहानमोठ्या, हे सांगतो. तो सुमारे १४.५ टक्क्यांच्या वर गेला की पेशींच्या आकारात तफावत आहे असे समजतात.

निदानाच्या दृष्टीने यांत एमसीव्ही सर्वांत बोलका आहे. हिमोग्लोबिन कमी व पेशी लहान असल्यास लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमियाचे वाहकत्व यांचा विचार होतो. पेशी मोठ्या असल्यास ब-१२ जीवनसत्त्व किंवा फॉलिक आम्लाची कमतरता तपासतात. दोन्ही कमतरता एकाच वेळी असतील तर लहान व मोठ्या पेशींची सरासरी मधोमध येऊन एमसीव्ही फसवा ‘नॉर्मल’ दिसतो. तेव्हा वाढलेला आरडीडब्ल्यू सूचक ठरतो.

एक उदाहरण

बत्तीस वर्षांच्या, गर्भवती नसलेल्या एका स्त्रीचा नमुनादाखल अहवाल घेऊ. हिमोग्लोबिन ८.९, तांबड्या पेशी ४.०५ दशलक्ष, पीसीव्ही २९.२ आणि आरडीडब्ल्यू १८.२. वरील सूत्राने एमसीव्ही ७२ येतो. म्हणजे हा मध्यम रक्तक्षय आहे (८ ते १०.९ ही मध्यम पायरी, ८ च्या खाली तीव्र), पेशी लहान आहेत आणि आकाराने विषम आहेत.

आता एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागावे: ७२ भागिले ४.०५ म्हणजे सुमारे १७.८. या भागाकाराला मेंट्झर निर्देशांक म्हणतात. तो १३ च्या वर असल्यास लोहाच्या कमतरतेकडे, खाली असल्यास थॅलेसेमियाच्या वाहकत्वाकडे कल असतो. कारण असे की लोह नसेल तर अस्थिमज्जा पेशी लहान बनवते आणि कमीही बनवते. वाहकात पेशी लहान असल्या तरी त्यांची संख्या पुष्कळदा ५ दशलक्षांच्या वर असते. हा केवळ कल आहे, निदान नव्हे. लोहाच्या साठ्यासाठी फेरिटिन, आणि वाहकत्वासाठी हिमोग्लोबिन ए-टू मोजणारी चाचणी करावी लागते. प्रौढात फेरिटिन १५ च्या खाली असल्यास साठा संपला असे मानतात. परंतु ताप किंवा जंतुसंसर्गात फेरिटिन आपोआप वाढते, त्यामुळे आजारपणात मोजलेले ‘नॉर्मल’ फेरिटिन कमतरता झाकू शकते.

कमतरता का झाली, याचे उत्तर कागदावर नसते. मासिक पाळीतील अतिरक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, आतड्यातील कृमी, अपुरा आहार ही नेहमीची कारणे होत. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत असे चित्र दिसल्यास जठर व आतड्यांतून रक्त जात नाही ना, हे पाहणे अगत्याचे असते. नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन ते टाळता येत नाही.

एककांची गफलत

घाबरगुंडी सर्वांत अधिक उडते ती रक्तबिंबिकांच्या, म्हणजे प्लेटलेट्सच्या ओळीवर, विशेषतः डेंग्यूच्या दिवसांत. प्रौढांची मर्यादा प्रति घनमिलिमीटर दीड ते साडेचार लाख आहे. एक प्रयोगशाळा ती १.८२ (लाखांत), दुसरी १८२ (हजारांत) आणि तिसरी १,८२,००० अशी छापते. तिन्ही मूल्ये एकच आहेत. पांढऱ्या पेशींचेही तसेच: ७.२ आणि ७,२०० यांत फरक नाही. म्हणून आकड्याआधी एककाचा स्तंभ वाचावा.

रक्तबिंबिका अचानक फार कमी दिसल्या आणि रुग्णाला रक्तस्राव वा ताप काहीच नसेल, तर नमुन्यातील दोषाचीही शक्यता असते. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू न देणारे ईडीटीए नावाचे द्रव्य असते. काही व्यक्तींच्या रक्तबिंबिका त्यामुळे एकमेकींना चिकटतात, आणि यंत्र त्या गुठळ्या मोजत नाही. काचपट्टीवरील रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास गुठळ्या लगेच दिसतात. मग सायट्रेट असलेल्या, निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा रक्त घेऊन मोजणी करतात. सलाइन चालू असलेल्या हातातूनच रक्त घेतल्यास ते पातळ होऊन हिमोग्लोबिनसह सर्व पेशी एकदम घटलेल्या दिसतात; अशा वेळी दुसऱ्या हातातून नमुना घेऊन तपासणी पुन्हा करतात.