दवाखान्याचे दिवस आणि घरटॅक्सची शास्ती

सालेकशाच्या नगरपंचायतीत “दवाखान्यात भरती होतो, घरटॅक्सचा दंड माफ करावा” असा अर्ज गेला, तर निकाल अर्जाआधी कायद्यात शोधावा लागतो. नगरपंचायतींना लागू असलेल्या 1965 च्या अधिनियमातल्या कलम 150अ प्रमाणे मुदतीत न भरलेल्या करावर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. उशीर का झाला, हे ते कलम विचारत नाही.

मुख्याधिकाऱ्यांना तरी ती माफ करता येत होती का? नाही, आणि त्याचा पुरावा एप्रिल 2025 मधल्या मंत्रिमंडळाच्या निर्णयात आहे. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींमधली शास्ती अंशतः माफ करण्यासाठी त्या वेळी अधिनियमातच सुधारणा करायचं ठरलं. अधिकार आधीपासून असता तर सुधारणेची गरज पडली नसती. नागपूर, पुण्यासारख्या महानगरपालिका अभय योजना काढत होत्या, पण त्यांचा कायदा वेगळा. ती सुधारणा होईपर्यंत सालेकशात अशा अर्जावर ‘तरतूद नाही’ असा शेरा पडला असता, तर तो निष्ठुरपणा म्हणता आला नसता. माझ्या मते दोष कलमाचा होता.

आता माफीला वाट आहे, म्हणून अर्जासोबतचे कागद महत्त्वाचे ठरतात. समजा, कर 4,000 रुपये आणि थकबाकी 11 महिन्यांची. महिन्याला 80 रुपयांप्रमाणे शास्ती 880 रुपये होते. डिस्चार्ज कार्डावर भरती आणि सुटीच्या तारखांमध्ये तीन महिन्यांचं अंतर आहे. म्हणजे ते कार्ड 240 रुपयांपुरतं बोलतं. उरलेल्या 640 रुपयांसाठी घरी अंथरुणावर होतो हे दाखवणारा दुसरा कागद हवा: फेरतपासणीच्या तारखांची ओपीडी चिठ्ठी किंवा विश्रांतीचा सल्ला दिलेलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र. “वर्षभर आजारी होतो” या एका वाक्यातून हे महिने भरून निघत नाहीत.

सगळ्यात बारकाईनं पाहायची तारीख मात्र बिल पोचल्याची. रोगी गोंदियाला किंवा नागपूरला खाटेवर असताना बिल घरी आलं असेल, तर पोच कुणी घेतली? मुलाची सही असेल तर कार्यालय म्हणेल, घरात माहीत होतं. घर बंद होतं आणि बिल दाराला चिकटवलं असेल, तर अर्जदाराची बाजू बळकट होते. म्हणून अर्जात आजाराचं वर्णन लांबवण्यापेक्षा मालमत्ता क्रमांक, बिलाची तारीख, भरतीची तारीख आणि सुटीची तारीख एकाखाली एक लिहावी, डिस्चार्ज कार्डाची छायांकित प्रत जोडावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा.

आणि मूळ कर आधी भरून पावती अर्जाला लावावी. अर्ज टेबलावर पडून असला तरी न भरलेल्या करावर दरमहाचे 2 टक्के चढतच राहतात.