स्कोपिंग रिव्ह्यू आणि सिस्टिमॅटिक रिव्ह्यू

एखाद्या विषयावर आधी झालेले संशोधन ठरलेल्या पद्धतीने शोधून, निवडून आणि मांडून दाखवणारे आढाव्याचे दोन प्रकार. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू एका नेमक्या प्रश्नाचे उत्तर देतो. हा उपाय उपयोगी पडतो का, पडत असेल तर किती, आणि त्या उत्तरावर कितपत भरवसा ठेवावा, हे तो सांगतो. स्कोपिंग रिव्ह्यू विषयाची व्याप्ती दाखवतो. कोणत्या प्रकारचे संशोधन झाले, कुठे झाले, कोणत्या संकल्पना वापरल्या गेल्या आणि काय करायचे राहिले, हे त्यातून कळते. दोन्हींत शोध काटेकोर असतो आणि कामाचा आराखडा आधी लिहिला जातो. त्यामुळे स्कोपिंग रिव्ह्यू ही सिस्टिमॅटिक रिव्ह्यूची सोपी आवृत्ती आहे, हा समज चुकीचा आहे. रॅपिड आणि नॅरेटिव्ह रिव्ह्यू हे आणखी दोन प्रकार विशिष्ट परिस्थितीत ग्राह्य मानले जातात.

पार्श्वभूमी : वैद्यकातील आढावे पूर्वी बहुतेक तज्ज्ञांच्या वाचनावर आणि स्मरणावर आधारलेले असत. त्यातला धोका 1992 साली ठळकपणे पुढे आला. हृदयविकाराच्या झटक्यात शिरेतून स्ट्रेप्टोकायनेज देण्याच्या 1959 ते 1988 या काळातील 33 चाचण्या जोसेफ लाऊ आणि सहकाऱ्यांनी कालक्रमाने एकत्र केल्या. 1973 पर्यंतच्या 8 चाचण्यांत 2,432 रुग्ण होते आणि तेवढ्यावरूनच या औषधाने मृत्यू कमी होतात हे संख्याशास्त्रीय दृष्ट्या स्पष्ट होत होते. त्यानंतरच्या 25 चाचण्यांत आणखी 34,542 रुग्ण घेतले गेले, पण निष्कर्ष बदलला नाही, फक्त अधिक नेमका झाला. याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की, तज्ज्ञांचे आढावे आणि पाठ्यपुस्तके हाती असलेल्या पुराव्याच्या बरीच मागे राहिली होती. 1993 मध्ये स्थापन झालेल्या कॉक्रेन संस्थेने सिस्टिमॅटिक रिव्ह्यूची पद्धत घडवली आणि रुजवली. स्कोपिंग रिव्ह्यूची चौकट हिलरी आर्कसी आणि लिसा ओमॅली यांनी 2005 मध्ये मांडली. पुढे जोॲना ब्रिग्ज इन्स्टिट्यूटने तिला तपशीलवार रूप दिले.

प्रश्नावरून प्रकार ठरतो : विषय एकच असला तरी प्रश्न बदलला की आढाव्याचा प्रकार बदलतो. घरी जाऊन केलेली नवजात बालकांची काळजी हे याचे चांगले उदाहरण आहे. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत प्रशिक्षित महिला आरोग्यदूतांमार्फत अशी सेवा दिली आणि 47 गावांशी तुलना केली. डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सेवेच्या तिसऱ्या वर्षी या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू 25.5 होते, तर तुलनेच्या गावांत 59.6. सुरुवातीची स्थिती लक्षात घेता ही सुमारे 62 टक्के घट होती. पुढे भारत, बांगलादेश आणि पाकिस्तानातही अशा चाचण्या झाल्या.

आता ‘अशा गृहभेटींनी नवजात मृत्यू कमी होतात का?’ असे विचारले, तर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू हवा, कारण उत्तरावरून सरकार योजना सुरू करील किंवा नाकारील. पण ‘गृहभेटींच्या कार्यक्रमांत कार्यकर्तीवर कोणती कामे सोपवली गेली, तिला किती दिवस शिकवले गेले, तिच्या कामावर देखरेख कोणी ठेवली?’ हा प्रश्न असेल, तर स्कोपिंग रिव्ह्यू योग्य ठरतो. येथे परिणामाचा आकडा हवा नसतो, चित्र हवे असते.

सिस्टिमॅटिक रिव्ह्यूची पद्धत : प्रश्न लोकसंख्या, उपाय, तुलना आणि परिणाम या चार भागांत बांधतात. वरील उदाहरणात जन्मापासून 28 दिवसांपर्यंतची बालके, कार्यकर्तीच्या गृहभेटी, नेहमीची सेवा आणि नवजात मृत्यू असे ते भाग होतात. आराखडा काम सुरू होण्यापूर्वी यॉर्क विद्यापीठाच्या ‘प्रॉस्पेरो’ नोंदवहीत नोंदवतात, म्हणजे निकाल पाहून गुपचूप निकष बदलता येत नाहीत. एकाहून अधिक डेटाबेसमध्ये शोध घेऊन दुबार नोंदी काढल्या जातात. मग दोन व्यक्ती एकमेकींचे निर्णय न पाहता आधी शीर्षक व सारांश, नंतर पूर्ण लेख तपासतात. पूर्ण लेख वाचून वगळला असेल, तर प्रत्येकाचे कारण लिहावे लागते.

यानंतरची पायरी या प्रकाराचा कणा आहे. प्रत्येक अभ्यासात निष्कर्ष एका बाजूला झुकण्याची शक्यता किती होती, हे तपासले जाते. गृहभेटींच्या चाचण्यांत एकेक बालक नव्हे, तर पूर्ण गावेच्या गावे या किंवा त्या गटात घातलेली असतात. एकाच गावातील बालकांची परिस्थिती बरीच सारखी असते. ते विसरून प्रत्येक बालक स्वतंत्र मानले, तर निष्कर्ष आहे त्यापेक्षा जास्त पक्का भासतो. आढावा घेणाऱ्याला ही दुरुस्ती करूनच आकडे एकत्र करावे लागतात.

सिद्धार्थ गोगिया आणि एच. एस. सचदेव यांनी 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये असा आढावा प्रसिद्ध केला. त्यांच्या निकषांत दक्षिण आशियातील 5 चाचण्या बसल्या. त्या एकत्र केल्यावर नवजात मृत्यूचा धोका 38 टक्क्यांनी कमी दिसला. खरी घट 13 ते 56 टक्क्यांच्या दरम्यान असावी, असा अंदाजाचा पट्टा होता. निम्म्याहून अधिक घरांपर्यंत भेटी पोहोचल्या तेथे फायदा जास्त होता. गडचिरोलीतील 62 टक्के आणि एकत्रित 38 टक्के यांत विरोध नाही. पहिला आकडा एका ठिकाणच्या सखोल कामाचा आहे, तर दुसरा अनेक ठिकाणी मिळून काय अपेक्षित धरावे हे सांगणारा आहे. धोरण आखणाऱ्याला दुसऱ्याची गरज असते.

स्कोपिंग रिव्ह्यूची पद्धत : येथे प्रश्न लोकसंख्या, संकल्पना आणि संदर्भ अशा तीन भागांत मांडतात. चाचण्यांबरोबर मुलाखतींवर आधारलेले अभ्यास, सरकारी अहवाल, प्रबंध आणि प्रशिक्षण-पुस्तिकाही घेता येतात. 2011 पासून भारतात आशा कार्यकर्त्या ठरलेल्या वेळापत्रकाने नवजात बालकाच्या घरी जातात. या योजनेविषयीचे बरेच साहित्य चाचण्यांच्या स्वरूपात नाही. सिस्टिमॅटिक रिव्ह्यूच्या निकषात ते बसत नाही, स्कोपिंगमध्ये मात्र त्याचाच उपयोग होतो.

निवडलेल्या लेखांतील माहिती तक्त्यात भरतात. आधी काही लेखांवर तो वापरून पाहिला जातो. वाचताना नवा मुद्दा सापडला तर रकाने वाढवता येतात, मात्र बदल का केला याची नोंद ठेवावी लागते. अभ्यासांच्या दर्जाची तपासणी सक्तीची नसते. म्हणूनच स्कोपिंग रिव्ह्यूच्या शेवटी ‘हा उपाय परिणामकारक आहे’ असे लिहिता येत नाही. ‘देखरेखीविषयी मोजके अभ्यास आहेत आणि शहरी वस्त्यांविषयी जवळपास नाहीत’ असे लिहिता येते. प्रॉस्पेरो असे आढावे नोंदवत नाही, त्यामुळे आराखडा ‘ओपन सायन्स फ्रेमवर्क’सारख्या खुल्या संग्रहात ठेवतात. अहवालासाठी 2018 ची ‘प्रिझ्मा-एससीआर’ यादी वापरतात, तर सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी 27 मुद्द्यांची ‘प्रिझ्मा 2020’.

वेळ वाचेल म्हणून स्कोपिंग निवडणे ही नेहमीची चूक आहे. शोध रुंद असल्याने चाळावे लागणारे सारांश अनेकदा जास्त निघतात.

रॅपिड रिव्ह्यू केव्हा ग्राह्य : प्रॉस्पेरोमध्ये नोंदलेल्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूंना नोंदणीपासून प्रकाशनापर्यंत सरासरी 67 आठवडे लागल्याचे 2017 च्या एका विश्लेषणात आढळले. साथीच्या काळात इतकी वाट पाहता येत नाही. कोविड-19 च्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेच्या मागणीवरून कॉक्रेनने विलगीकरणाविषयीचा रॅपिड रिव्ह्यू एप्रिल 2020 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात 29 अभ्यास होते. त्याच वर्षी केलेल्या सुधारित आवृत्तीत ते 51 झाले.

रॅपिड रिव्ह्यूत सिस्टिमॅटिक रिव्ह्यूच्याच काही पायऱ्या जाणूनबुजून आखूड करतात. डेटाबेस, भाषा किंवा कालावधी मर्यादित ठेवतात. कॉक्रेनच्या 2021 मधील मार्गदर्शनानुसार किमान 20 टक्के सारांश दोघांनी तपासावेत. उरलेले एकाने तपासावेत, पण त्याने वगळलेले सर्व सारांश दुसऱ्याने पाहावेत. ही दुसरी नजर का हवी, हे 2020 च्या एका प्रयोगात दिसले. एकट्याने सारांश चाळल्यास उपयुक्त अभ्यासांपैकी 13 टक्के सुटले, दोघांनी चाळल्यास 3 टक्के.

निर्णयाची तारीख ठरलेली असेल, निर्णय घेणारा माहीत असेल, प्रश्न अरुंद असेल आणि कोणती पायरी आखूड केली हे अहवालात लिहिले असेल, तर हा प्रकार ग्राह्य आहे. प्रबंधाची मुदत जवळ आली हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. काही मोजके अभ्यास सुटले तरी निर्णय फिरू शकेल, अशा ठिकाणीही तो टाळावा.

नॅरेटिव्ह रिव्ह्यू केव्हा ग्राह्य : एखाद्या कल्पनेचा इतिहास, सिद्धान्तांतील वाद, रोगाची यंत्रणा किंवा पाठ्यपुस्तकातील प्रकरण यांसाठी हा प्रकार योग्य आहे. गडचिरोलीतील प्रयोगानंतर 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने गृहभेटींची शिफारस केली आणि 2011 मध्ये भारतात आशांच्या भेटी सुरू झाल्या. हा प्रवास समजावून सांगायला लेखकाची निवड आणि विवेचन लागते, आकड्यांची बेरीज पुरत नाही. अशा लेखाच्या दर्जासाठी ‘सान्रा’ ही 6 निकषांची, 12 गुणांची मोजपट्टी 2019 पासून उपलब्ध आहे. साहित्य कसे शोधले हे सांगितले आहे का, हा त्यातील एक निकष आहे. उपायाच्या परिणामाचा दावा मात्र या प्रकारात करू नये. स्ट्रेप्टोकायनेजच्या बाबतीत तज्ज्ञ मागे पडले ते तिथेच.

दोष कसे ओळखावेत : शीर्षकात ‘सिस्टिमॅटिक’ असूनही एकच डेटाबेस शोधला असेल, किंवा अभ्यासांचा दर्जा तपासून निष्कर्षात त्याचा उल्लेखच नसेल, तर नाव आणि काम जुळत नाही. ‘दहापैकी सात अभ्यासांत फायदा दिसला’ अशी मोजणीही फसवी असते. त्यात छोटा आणि मोठा अभ्यास सारखेच धरले जातात आणि फायद्याचे प्रमाण कळत नाही. काटेकोर निकषांमुळे एकही अभ्यास न सापडलेल्या आढाव्यात कधी कधी प्रश्नच अकाली विचारलेला असतो आणि आधी स्कोपिंग करणे योग्य ठरले असते. उलट बाजूने, स्कोपिंग रिव्ह्यूच्या सारांशात उपचाराची शिफारस दिसली, तर तिला आधार नाही असे समजावे. उपाय करावा की नाही हे वाचकाला ठरवायचे असेल तर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, आणि पुढे काय अभ्यासावे हे ठरवायचे असेल तर स्कोपिंग रिव्ह्यू, ही या निवडीची सर्वांत भरवशाची कसोटी आहे.